एका वहीच्या दोन वह्या

ताई,
माझा मुलगा ७ वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे. 'पाणी', 'नको', 'आई' एवढंच बोलतो. आम्ही ऐरोलीला राहतो. थेरपिस्टनी सांगितलं म्हणून मी रोज वही लिहायला लागले. आता ती उघडली की 'आज पुन्हा ओरडला', 'आज पुन्हा मारलं', 'आज काहीच केलं नाही' याशिवाय काही दिसत नाही. मध्ये एका रात्री मी लिहिलं, 'आज मला तो नको होता.' ते मिस्टरांनी वाचलं आणि दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. सगळे सांगतात, छोटे छोटे विजय लिहीत जा. मला ते दिसतच नाहीत. मी फार थकले आहे. वही बंद करू का?
— एक आई, ऐरोली

---

वही बंद करू नका, तिच्या दोन वह्या करा. एक त्याची, एक तुमची. त्याच्या वहीत फक्त डोळ्यांना दिसलेलं आणि कानांना ऐकू आलेलं लिहायचं. ती थेरपिस्ट बघतील, डॉक्टर बघतील, शाळेतल्या बाई बघतील, तुमचे मिस्टरही बघतील. तुमच्या वहीत काय हवं ते लिहा, हवं तेव्हा फाडा, कपाटात साड्यांखाली ठेवा. ती कुणीही वाचायची नाही, हे घरात एकदा स्पष्ट सांगून टाका.

आधी त्या वाक्याबद्दल बोलू, कारण वही बंद करायचा विचार तिथूनच आलाय असं मला वाटतं. हे वाक्य मी वेगवेगळ्या शब्दांत पुष्कळ आयांच्या तोंडून ऐकलंय. वडिलांच्या तोंडूनही ऐकलंय, फक्त ते हे समोर बसून सांगत नाहीत, निघताना चपला घालता घालता सांगतात. दिवसभर मूल सांभाळून, मार खाऊन, रात्री साडेअकराला भांडी आवरून कुणी वही उघडली तर असंच काहीतरी लिहिलं जाणार. तुमच्या मिस्टरांना ते लागलं, यात मला त्यांचंही नवल वाटत नाही. त्यांना एवढंच सांगा, की ते त्या रात्रीच्या थकव्याबद्दल होतं, आणि थकव्याची वही आता वेगळी झाली आहे. त्याहून जास्त खुलासा देऊ नका.

एक मात्र थेट विचारते. असं वाक्य रोज मनात येतं का? स्वतःला किंवा त्याला काही करून टाकावं असा विचार येतो का? तो निजल्यावरही तुम्हाला झोप लागत नाही, जेवण नकोसं झालंय, असं आठवडेच्या आठवडे चाललंय का? यातल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल, तर आधी या पत्राचं पुढचं बाजूला ठेवा आणि १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. वहीचं नंतर बघता येईल.

आता त्याची वही. तुम्ही पत्रात दिलेल्या तिन्ही नोंदी म्हणजे दिवसाचा निकाल आहे, दिवस त्यात नाही. 'आज पुन्हा ओरडला' यावरून तो कुठे होता, किती वाजले होते, ओरडायच्या आधी काय झालं आणि ओरडल्यावर तुम्ही काय केलंत, यातलं काहीच कळत नाही. तीन महिन्यांनी थेरपिस्टनी ती वाचली तरी त्यांच्या हाती काही लागणार नाही. तुम्ही वाचलीत तर फक्त रडू येईल. आणि रात्री लिहिलं की दिवसातला सगळ्यात वाईट तास तेवढा आठवतो, बाकीचा दिवस पुसला जातो.

मोघम बोलण्यापेक्षा एका घराची गोष्ट सांगते, ओळखीच्या खुणा बदलून. कळव्याचं घर, सहा वर्षांची मुलगी, बोलत नाही. संध्याकाळी स्वतःचा हात चावायची. मनगटाच्या वर घट्टा पडलेला. तिच्या आईच्या वहीत असं होतं:

'संध्याकाळी पुन्हा हात चावला. काही कारण नव्हतं. खूप त्रास दिला.'

'काही कारण नव्हतं' हे जिथे लिहिलेलं असतं, तिथे बहुतेक वेळा बघायचं राहून गेलेलं असतं. मी त्यांना सांगितलं, की चावणं थांबल्यावर दहा मिनिटांच्या आत एवढंच लिहा: किती वाजले, कुठे, खोलीत कोण, लगेच आधी काय झालं, तिने काय केलं आणि साधारण किती वेळ, नंतर तुम्ही काय केलंत. शिवाय तीन गोष्टी रोज: झोप किती, जेवली किती, शी झाली का. मग नोंद अशी यायला लागली:

'६.५०. हॉल. मी स्वयंपाकघरात, आजी टीव्हीसमोर. कुकरची दुसरी शिट्टी. डावा हात चावला, ४ मिनिटं. मी गॅस बंद करून आले, मांडीवर घेतलं. थांबली. दुपारी अर्धाच भात. शी नाही, कालही नाही.'

घरातल्या सगळ्यांची नजर लगेच कुकरवर गेली. ऑटिझम असलेल्या पुष्कळ मुलांना ठरावीक आवाज सहन होत नाहीत, त्यामुळे शंका रास्तच होती. त्यांनी कानावर लावायचे आवाज कमी करणारे हेडफोन आणले. थोडा फरक पडला, पण चावणं राहिलंच. मग वही परत वाचायला बसलो तेव्हा एक साधी गोष्ट लक्षात आली. कुकर रोज लागत होता, हात मात्र ती रोज चावत नव्हती. जे रोज घडतं, ते एकटं काही अधूनमधून घडणाऱ्या गोष्टीचं कारण होऊ शकत नाही. त्याच्या जोडीला त्या दिवशी आणखी काहीतरी असायला हवं.

ते काय, हे वहीत आडव्या ओळींत दिसत नव्हतं. त्यांच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावर दुधाचा हिशोब लिहीत. मी म्हटलं, त्याच चौकोनात ज्या दिवशी शी झाली त्या दिवशी एक टिंब द्या आणि ज्या दिवशी हात चावला त्या दिवशी फुली. तीन आठवड्यांत चित्र उघड झालं. टिंबाच्या दिवशी फुली जवळजवळ नव्हतीच. शेवटच्या टिंबानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फुल्यांची गर्दी होती. मुलीचं पोट साफ होत नव्हतं, दुखत होतं, आणि ते सांगायला तिच्याकडे शब्द नव्हते. कुकरच्या आवाजाने त्यात भर पडायची.

ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये बद्धकोष्ठ फार आढळतं. खाण्याची निवड अगदी थोड्या पदार्थांची असते, भात, बिस्कीट, दूध असं. पाणी कमी जातं. काही मुलांना शौचालयात बसणंच नको वाटतं म्हणून ती धरून ठेवतात. त्यात आणखी एक फसवणारी गोष्ट म्हणजे कधी कधी चड्डीला पातळ शी लागत राहते. घरच्यांना वाटतं जुलाब होतोय, प्रत्यक्षात आत कडक खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ झिरपत असतं. म्हणून टिंब देताना 'झाली' एवढं पुरत नाही. घट्ट, मऊ की नुसते डाग, तेही लिहायचं. आणि घरच्या घरी रेचक द्यायचं नाही. त्या कुटुंबाने ते कॅलेंडर मुलांच्या डॉक्टरांसमोर ठेवलं, डॉक्टरांनी पोट तपासून औषध सुरू केलं आणि काही महिने चालू ठेवायला सांगितलं. लवकर बंद केलं तर पोट पुन्हा तिथेच येतं, म्हणून.

फुल्या कमी झाल्या, पण संपल्या नाहीत. उरलेल्यांचं उत्तर 'नंतर काय केलंत' या जागी होतं. प्रत्येक वेळी तिथे एकच गोष्ट लिहिलेली होती: मी आले, मांडीवर घेतलं. सुरुवातीला पोट दुखतं म्हणून चावत असेल, पण एवढ्या दिवसांत मुलीला हेही कळलं होतं, की हात चावला की आई स्वयंपाकघरातून येते. यात लबाडी काही नाही. आईला बोलवायचा तिला सापडलेला तो एकच मार्ग होता. तेव्हा दुसरा द्यायला हवा. त्यांच्या थेरपिस्टनी आईच्या फोटोचं एक कार्ड केलं, हॉलच्या भिंतीवर तिच्या हाताला येईल असं चिकटवलं. आजीने तिचा हात धरून ते कार्ड काढायचं, स्वयंपाकघरात न्यायचं, आईने हातातलं काम टाकून लगेच मांडीवर घ्यायचं. पोळी करपली तरी चालेल, पण लगेच. आणि हात चावला तर हात अलगद तोंडापासून दूर करायचा, इजा होऊ द्यायची नाही, पण मांडी मात्र त्या वेळी नाही. शांत झाली की कार्डाकडे न्यायचं.

पहिल्या आठवड्यात चावणं वाढलं. हे वाढणारच होतं. जो उपाय इतके दिवस चालत होता तो अचानक चालेनासा झाला की कुणीही आधी तोच आणखी जोर लावून करून बघतं. हे आधीच वहीत वरच्या बाजूला लिहून ठेवलं होतं, म्हणून घरचे डगमगले नाहीत. तरीही हा भाग थेरपिस्टला विचारल्याशिवाय स्वतःहून करू नका, विशेषतः मूल स्वतःला इजा करत असेल तर. आणि पोटाचं दुखणं बघायच्या आधी तर नकोच.

शेवटी कॅलेंडरवर अधूनमधून एखादी फुली पडत राहिली. ती कशाची, ते कळलं नाही. वहीतून सगळं कळतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

तुमच्या मुलाचं कारण हेच असेल असं मी म्हणत नाही. त्याचं झोपेत असेल, शाळेच्या बसमध्ये असेल, दातात असेल. दात दुखणं आणि कान दुखणं हे न बोलणाऱ्या मुलांत फार उशिरा लक्षात येतं. पण काय शोधायचं याचा क्रम तोच: आधी शरीर, मग आजूबाजूचं, मग त्या वागण्यातून त्याला काय मिळतं. पुष्कळ घरांत हा क्रम उलटा होतो आणि 'हट्टी झालाय' इथून सुरुवात होते.

काही गोष्टींसाठी वहीची वाट बघायची नाही. अचानक सुरू झालेलं डोकं आपटणं, खाणं-पिणं बंद होणं, येत असलेले शब्द जाणं, किंवा मध्येच डोळे एका जागी लागणं आणि हाक मारली, हात लावला तरी काही क्षण भानावर न येणं. ऑटिझम असलेल्या मुलांत फिट्सचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त असतं, आणि सगळ्या फिट्स काही हातपाय झाडणाऱ्या नसतात. असं दिसलं तर मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि थेट डॉक्टरांकडे जा. व्हिडिओवरून त्यांना जे कळेल ते तुमच्या वर्णनावरून कळणार नाही.

आता विजयांकडे येऊ. तुम्हाला ते दिसत नाहीत, कारण तुम्ही 'केलं' आणि 'नाही केलं' असे दोनच रकाने ठेवलेत. या मुलांची प्रगती त्या दोघांच्या मधल्या जागेत होते. किती मदत लागली, हे लिहा.

समजा, टी-शर्ट घालणं घेतलंय. त्याचे पाच तुकडे करा: शर्ट डोक्यावर ठेवणं, मान बाहेर काढणं, एक हात, दुसरा हात, खाली ओढणं. शिकवायला सुरुवात शेवटच्या तुकड्यापासून करा. पहिले चार तुम्ही करून द्या, पोटावरून खाली ओढणं तेवढं त्याचं. असं केलं की प्रत्येक वेळी काम पूर्ण करणारा तो असतो आणि पूर्ण झाल्याची मजाही त्याला मिळते. पहिल्या तुकड्यापासून सुरू केलं तर तो मधेच सोडून पळतो आणि शर्ट शेवटी तुम्हीच घालता. खाली ओढणं जमलं की मग दुसरा हात आणि खाली ओढणं त्याचं. असं मागून पुढे यायचं.

प्रत्येक तुकड्यापुढे मदतीचं एक अक्षर लिहा. तुम्ही पूर्ण हात धरून करवून घेतलंत तर 'ह'. कोपराला नुसता स्पर्श पुरला तर 'स्प'. बोट दाखवून झालं तर 'ख', म्हणजे खूण. तोंडाने सांगावं लागलं तर 'सां'. काहीच नाही लागलं तर 'स्व'. एका शर्टाचं एका वेळचं पान पाच अक्षरांचं होतं. चहा ठेवलेला असताना लिहून होतं.

जूनमध्ये खाली ओढण्यापुढे 'ह ह ह ह' असेल, ऑगस्टमध्ये 'स्प ह स्प स्प' असेल, ऑक्टोबरमध्ये 'ख ख स्प ख'. तुमच्या जुन्या वहीत या तिन्ही महिन्यांत एकच वाक्य असतं: आज काहीच केलं नाही. पण हात धरण्यापासून बोट दाखवण्यापर्यंत येणं हा त्याच्या मेंदूने आणि हाताने केलेला केवढा मोठा पल्ला आहे, हे तुमच्या थेरपिस्टना विचारा. मला विजय हा शब्द तसा फार आवडत नाही, त्यात ढोल वाजतात. पण 'स्प'चा 'ख' झाला, ते पान मी फ्रेम करून लावेन.

यात एक जागा निसरडी आहे. आपण आया बोलून बोलून करून घेतो. 'ओढ, ओढ खाली, शाब्बास, ओढ.' तोंडी सांगणं ही सगळ्यात हलकी मदत वाटते, पण मागे घ्यायला ती सगळ्यात अवघड असते. मूल काम शिकत नाही, तुमच्या आवाजाची वाट बघायला शिकतं. वहीत ओळीने 'सां सां सां सां' महिनाभर दिसलं आणि पुढे सरकेना, तर हेच झालंय असं समजा. तोंड बंद ठेवून बोट दाखवा, आणि त्याही आधी मनातल्या मनात पाचपर्यंत मोजून थांबा. ते पाच आकडे मोजायला फार जड जातात, विशेषतः खाली शाळेची बस हॉर्न देत असताना. म्हणून सकाळी शिकवूच नका. शिकवणं संध्याकाळच्या कपड्यांचं ठेवा, सकाळी तुम्ही सरळ शर्ट घालून द्या आणि मोकळ्या व्हा. त्याची नोंदही नको.

एका वेळी एकच काम वहीत घ्या, फार तर दोन. थेरपीवाले घरी करायला सात गोष्टी देतात, त्यांचं काही चुकत नाही, पण सात गोष्टींची नोंद ठेवणारी आई दुसऱ्या आठवड्यात वही टाकून देते. आणि कुठे केलं तेही लिहा. सेंटरमध्ये 'स्व' आणि घरी 'ह' असं दिसलं तर कुणी खोटं बोलत नसतं. तिथलं टेबल, तिथली बाई, तिथली शांतता यांच्याशी ते कौशल्य जोडलेलं असतं, आणि ते घरात आणायला वेगळं शिकवावं लागतं.

अक्षरं मागेही जातील. ताप, शाळेची सुट्टी, घरात पाहुणे, गणपतीत गल्लीच्या तोंडाशी लागलेला मंडप आणि रात्रीपर्यंत ढोल-ताशा, दिवाळीचे फटाके. त्या दिवसांना वहीच्या कडेला एक रेघ मारून ठेवा. पुढच्या वर्षी भाद्रपदात अक्षरं पुन्हा घसरली की ती रेघ बघून कळेल की हे दहा-पंधरा दिवसांत सावरतं. रेघ नसताना, घरात काही बदललेलं नसताना महिना-महिना घसरण दिसली, तर मात्र थेरपिस्टकडे वही घेऊन जा. आणि रोज रात्री वाचत बसू नका. महिन्यातून एकदा, शक्यतो दोघांनी मिळून वाचा.

त्याच्या वहीचा आणखी एक उपयोग सांगते, कारण नवी मुंबईतल्या पालकांना हे कधी ना कधी करावंच लागतं. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी ऑटिझमची तपासणी आयएसएए या भारतीय मोजपट्टीवर होते. तिच्यात ४० विधानं आहेत, प्रत्येकाला १ ते ५ गुण. तपासणाऱ्यांना मूल थोडाच वेळ दिसतं, बाकी ते तुम्हाला विचारतात: हे किती वेळा होतं, आवाजाला कसा वागतो, स्वतःला इजा करतो का. तिथे गडबडून पालक एकतर 'तसा शांत आहे हो' म्हणतात, नाहीतर कालचा एक वाईट दिवस सांगतात. वहीतली दोन-तीन पानं हातात असली तर 'आठवड्यातून तीन-चारदा, साधारण पाच मिनिटं' असं उत्तर देता येतं. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असल्याशिवाय २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या बऱ्याच सवलती मिळत नाहीत, त्यामुळे उत्तर नेमकं असणं महत्त्वाचं. एक सांगून ठेवते, तो दिवस जड जातो. सकाळभर अनोळखी माणसांसमोर आपल्या मुलाला काय काय येत नाही हेच सांगत बसायचं असतं. घरी आल्यावर त्या दिवशी शर्टाचं पान काढून वाचा. आणि घरच्या घरी काय करून घ्यायचं यावर दुसरं मत हवं असेल, तर खारघरला राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचं केंद्र आहे आणि वाशीला महापालिकेचं दिव्यांग मुलांसाठीचं ईटीसी केंद्र. ऐरोलीहून दोन्ही जमण्यासारखी आहेत.

आता तुमची वही. हिच्यात मी काही नियम घालणार नाही, एक विनंती करते. मनात येईल ते लिहा, पण पानाच्या वरती वेळ आणि आदल्या रात्री किती तास झोप झाली तेवढं टाका. दोन-तीन आठवड्यांनी फक्त ते आकडे बघा, मजकूर वाचू नका. बहुतेक घरांत असं दिसतं, की कडवट पानं दिवसाच्या ठरावीक एक-दोन तासांतली असतात, किंवा पाच तासांहून कमी झोपेनंतरची. थकवा दिवसभर सारखाच वाटतो, पण कागदावर तो एका जागी साचलेला दिसतो. तुमचा तो तास कुठला, हे कळणं फार कामाचं आहे.

कारण 'तुम्ही मला मदत करत नाही' या वाक्याला नवऱ्याकडून काय उत्तर येतं, ते तुम्हाला माहीत आहे. 'मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी सहा ते सात, तो तुमच्याकडे' या वाक्याला मात्र हो किंवा नाही एवढंच उत्तर देता येतं. ऑफिसमुळे मंगळवार-शुक्रवार जमणार नसेल तर शनिवार सकाळ. सासूबाई असतील, शेजारच्या काकू असतील, तर त्यांनाही असाच नेमका तास मागा. मोघम मदत मागितली की माणसं मोघम सहानुभूती देतात. (आणि वर एक उपवास सुचवतात.)

तो तास देताना सोबत एक कागद द्या, नाहीतर दहाव्या मिनिटाला 'अगं, हा ओरडतोय, काय करू' म्हणून हाक येईल आणि तुमचा तास तिथेच संपेल. कागदावर पाच-सहा ओळी पुरेत, आणि त्या त्याच्या वहीतूनच मिळतील: शू लागली की तो काय करतो, भूक लागली की काय करतो, कुठल्या आवाजाने बिथरतो, ओरडायला लागला तर आधी काय करायचं आणि काय मुळीच करायचं नाही, कशाने बहुतेक वेळा शांत होतो. पहिले दोन-तीन वेळा मिस्टरांच्या पद्धतीने काहीतरी बिघडेल. तुम्ही घरात असाल तर मधे पडाल, म्हणून त्या तासाला घराबाहेर जा. खाली बागेत बसा, स्टेशनपर्यंत चालत जा, काहीही. त्या तासाची नोंद त्याच्या वहीत मिस्टरांनी करायची, त्यांच्या अक्षरात. तुम्ही ती सुधारायची नाही.

एक गोष्ट राहिली. त्याच्या वहीतली पानं फोटो काढून पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, नातेवाइकांना तर नाहीच. शी, शू, चावणं, हे त्याच्या शरीराचं आहे. आज तो तीन शब्द बोलतो म्हणून उद्या वाचणार नाही असं कुणी सांगावं? न बोलणारी किंवा थोडं बोलणारी काही मुलं वाचायला शिकतात, आणि आजूबाजूला आपल्याबद्दल काय बोललं जातंय हे पुष्कळ मुलांना आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त समजतं.

सुरुवातीला दोन आठवडे एवढंच करा: कॅलेंडरवर टिंब आणि फुली, रोजची झोप आणि जेवण, आणि ओरडणं झालं की दहा मिनिटांत एक नोंद. शर्टाची अक्षरं त्यानंतर. दोन आठवड्यांचं ते कॅलेंडर थेरपिस्टकडे न्या आणि 'प्रगती आहे का' असं विचारू नका. 'फुलीच्या दिवशी असं काय आहे जे बाकीच्या दिवशी नाही', असं विचारा. टिंबं दोन-दोन, तीन-तीन दिवसांनी पडत असतील, तर थेरपिस्टच्याही आधी मुलांच्या डॉक्टरांकडे.